देश बदलला, खातं बदललं आणि विकत घेतलेली पुस्तकं दिसेनाशी झाली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, ऐरोली, महापे, खारघर भागातून ऑनसाइट गेलेली माणसं दोन-चार वर्षांनी परत येतात, तेव्हा फर्निचर तिकडेच विकतात आणि भांडी कुणाला तरी देऊन येतात. ई-बुकं आणि ऑडिओबुकं मात्र फोनमध्येच असल्यामुळे ती आपोआप बरोबर येतील असं सगळ्यांनाच वाटतं. इथं आल्यावर नवा फोन घेतला जातो, ॲप उघडलं जातं आणि लायब्ररी रिकामी दिसते. हा प्रश्न मला ओळखीच्या लोकांकडून इतक्यांदा आला की उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत असं वाटलं. जास्त करून किंडल आणि ऑडिबलबद्दल लिहिलं आहे, कारण गोंधळ तिथंच सर्वाधिक होतो. गूगल आणि ॲपलबद्दल शेवटी थोडक्यात आहे.

माझी पुस्तकं खरंच गेली का?

बहुतेक वेळा गेलेली नसतात. तुम्ही चुकीच्या दारात उभे असता, एवढंच.

विकत घेतलेलं ई-बुक फोनला किंवा तुमच्या नावाला बांधलेलं नसतं. ते एका खात्याला बांधलेलं असतं, आणि ते खातं ज्या देशाच्या दुकानात वापरलं त्या दुकानालाही. ऑडिबलच्या बाबतीत ही दुसरी गाठ फार पक्की असते. अमेरिकेचं `audible.com` आणि भारताचं `audible.in` यांचे ॲप, लोगो, पासवर्ड सगळं एकच असलं तरी लायब्ररी वेगवेगळ्या आहेत. भारतातलं दुकान नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झालं. अमेरिकेच्या दुकानात घेतलेलं पुस्तक त्याच्या कपाटात आपसूक येऊन बसत नाही.

म्हणून शोधाशोध सुरू करण्याआधी दोन गोष्टी ठरवायच्या: कोणतं खातं आणि कोणतं दुकान. या दोन्हींची उत्तरं मिळाली की नव्वद टक्के काम झालं असं समजा.

कोणत्या खात्यावर घेतलं होतं तेच आठवत नाही. कसं शोधायचं?

आठवणीवर विसंबू नका, पावती शोधा. पुस्तक घेतलं की दुकान ईमेल पाठवतंच. तुमचे जितके ईमेल पत्ते आहेत त्या प्रत्येकात शोधा. जुना याहूचा, ऑफिसचा, नवऱ्याचा किंवा बायकोचा, कॉलेजच्या काळातला, कुठलाही सोडू नका. शोधताना पुस्तकाचं नाव टाकण्यापेक्षा ऑर्डर क्रमांकाची सुरुवात टाकलेली बरी. किंडल पुस्तकाचा ऑर्डर क्रमांक `D01-` असा सुरू होतो, गूगल प्लेचा `GPA.` असा. ॲपलच्या पावतीच्या विषयात `Your receipt from Apple` असतं.

पावती सापडली की तीत तीन गोष्टी बघा. ती कोणत्या पत्त्यावर आली, म्हणजे खातं कळलं. किंमत डॉलरमध्ये आहे, पाउंडात की रुपयांत, म्हणजे दुकान कळलं. आणि किंमत आहे की नाही, कारण पावतीच सापडत नसेल किंवा रक्कम शून्य असेल तर ते पुस्तक बहुधा विकत घेतलेलं नव्हतंच. नमुना प्रकरण डाउनलोड केलेलं असतं, किंवा वर्गणीत उसनं मिळालेलं असतं.

एकाच ईमेलवर दोन खाती असू शकतात का?

ॲमेझॉनवर असू शकतात. जुन्या काळी एकाच ईमेलवर दोन वेगळे पासवर्ड ठेवून दोन खाती उघडता येत असत, आणि ती अजून तशीच चालू आहेत. एका पासवर्डने आत गेलात की एक लायब्ररी, दुसऱ्याने गेलात की दुसरी. जुना पासवर्ड वापरून बघा असं मी सुचवतो तेव्हा लोक चमकतात, पण पुस्तकं अशीही सापडलेली आहेत.

आपल्याकडे याहून नेहमीचा प्रकार वेगळा आहे. अमेरिकेत असताना खातं ईमेलवर उघडलेलं असतं. भारतात किराणा आणि मोबाईल कव्हर मागवायला मोबाईल नंबरवर उघडलेलं खातं त्याच्याही आधीपासून असतं. नव्या फोनवर ॲमेझॉनचं शॉपिंग ॲप मोबाईल नंबरने चालू असतं, किंडल आणि ऑडिबल टाकल्यावर तेही तेच खातं पुढे करतात, आणि आपण हो म्हणतो. खातं बदललंय हे लक्षातच येत नाही, कारण दोन्हीकडे नाव आपलंच दिसतं.

एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवाल का?

समजा, घोडबंदर रोडला राहणाऱ्या एक ताई तीन वर्षं न्यू जर्सीत होत्या. तिथं ऑडिबलची वर्गणी होती, महिन्याला एक क्रेडिट. तीन वर्षांत ३६ क्रेडिट मिळाले, त्यातले ३४ वापरून ३४ ऑडिओबुकं घेतली, दोन क्रेडिट शिल्लक राहिले. शिवाय २२ किंडल पुस्तकं डॉलर मोजून घेतली. हे सगळं ईमेलच्या खात्यावर. जाण्याआधी ठाण्यात असताना त्यांनी मोबाईल नंबरच्या खात्यावर चार मराठी किंडल पुस्तकं रुपयांत घेतली होती.

परत आल्या, नोकरी ऐरोलीला लागली. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये बसल्यावर ऐकायला ऑडिबल उघडलं तर लायब्ररीत एकही पुस्तक नाही. किंडलमध्ये फक्त ती चार मराठी पुस्तकं. त्यांना वाटलं, भारतात आल्यामुळे बाकीचं काढून घेतलं.

आता पायऱ्या. पहिली: फोनला हात लावायचा नाही. संगणकावर ब्राउझरची खासगी खिडकी उघडायची, म्हणजे आधीचं लॉग-इन मध्ये येत नाही. दुसरी: ईमेल आणि त्या खात्याचा पासवर्ड वापरून हे दोन पत्ते उघडायचे:

```
www.amazon.com/mycd
www.audible.com/library
```

पहिल्या पत्त्यावर २२ पुस्तकं दिसतात, दुसऱ्यावर ३४. म्हणजे माल सुखरूप आहे. तिसरी: नवी खासगी खिडकी उघडून मोबाईल नंबरने `www.amazon.in/mycd` बघायचं. तिथं चार. हिशेब जुळला: २२ अधिक ४ किंडल पुस्तकं दोन खात्यांत, आणि ३४ ऑडिओबुकं एका खात्यात पण अमेरिकेच्या दुकानात.

चौथी पायरी फोनवर. ऑडिबलमधून साइन आउट करायचं. पुन्हा आत जाताना कोणत्या देशाच्या दुकानात जायचं ते निवडण्याची सोय असते, तिथं अमेरिका निवडायची आणि मग ईमेलने लॉग-इन करायचं. नुसता ईमेल बदलून भारताच्या दुकानात गेलात तर लायब्ररी पुन्हा रिकामी दिसेल, आणि बरेच जण इथंच हात टेकतात. दुकान बरोबर निवडलं की ३४ पुस्तकं समोर येतात. डाउनलोड मात्र नव्याने करावे लागतात. ते घरच्या वायफायवर करून घ्या.

पाचवी: दोन शिल्लक क्रेडिट. वर्गणी बंद करण्याआधी ते वापरून टाकायचे. वर्गणी बंद झाली की न वापरलेले क्रेडिट जातात, क्रेडिटवर घेतलेली पुस्तकं मात्र राहतात. हा क्रम उलटा झाला तर दोन पुस्तकांचं खरोखरचं नुकसान होतं.

मी किंडलचा देश भारत केला, तरी ऑडिओबुकं आली नाहीत. का?

किंडलचा देश आणि ऑडिबलचं दुकान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक हलवली म्हणून दुसरी हलत नाही.

किंडलचा देश वर दिलेल्या `mycd` पानावर `Preferences` मध्ये `Country/Region Settings` इथं बदलतो. बदलला की खातं भारताच्या दुकानाला जोडलं जातं, पुढची खरेदी रुपयांत होते, आणि आधी घेतलेली किंडल पुस्तकं साधारणपणे सोबत येतात. वर्गण्या येत नाहीत. त्या जुन्या दुकानात बंद होतात आणि हव्या असतील तर इथं नव्याने घ्याव्या लागतात. जुन्या दुकानातली गिफ्ट कार्डची शिल्लकही इथं खर्चता येत नाही, म्हणून देश बदलण्याआधी ती संपवा.

ऑडिबलची लायब्ररी अशी उचलून आणता येत नाही. तुम्ही भारतात नवी वर्गणी घेऊ शकता, पण जुनी पुस्तकं जुन्याच दुकानात राहतात आणि ती ऐकायला ॲपमध्ये त्या दुकानात जावं लागतं. हे गैरसोयीचं आहे, मला मुळीच आवडत नाही, पण पुस्तकं ऐकता येतात हे खरं.

असं का असतं? पैसे तर मीच दिले ना?

कारण पुस्तकाचे हक्क देशानुसार विकले जातात. एका इंग्रजी कादंबरीचे अमेरिकेतले हक्क एका प्रकाशकाकडे आणि भारतासह राष्ट्रकुल देशांतले दुसऱ्याकडे, हे छापील पुस्तकांच्या काळापासून चालत आलं आहे. ऑडिओचे हक्क त्याहून वेगळे, कधी तिसऱ्याकडेच. दुकानाला ज्या देशात विकायची परवानगी असते तिथंच ते विकतं. त्यामुळे तुमच्या लायब्ररीत असलेलं पुस्तक भारताच्या दुकानात शोधलं तर मिळेलच असं नाही. ते तिथं विक्रीला नसणं आणि तुमच्या लायब्ररीतून जाणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानाच्या शोधखिडकीत पुस्तक दिसत नाही म्हणून घाबरू नका, लायब्ररीचं पान बघा.

आणि हो, आपण जे विकत घेतो तो वाचण्याचा परवाना असतो, पुस्तकाची प्रत नव्हे. कपाटातलं छापील पुस्तक भाचीला देऊन टाकता येतं, हे देता येत नाही. मला हे मनापासून खटकतं.

दोन खाती एकत्र करता येतील का?

ॲमेझॉनची दोन खाती एकत्र होत नाहीत. एका खात्यातलं पुस्तक दुसऱ्यात ढकलताही येत नाही. ग्राहक सेवेला विचारून लोक थकतात, म्हणून स्पष्ट लिहितो.

मग करायचं काय, तर एक खातं मुख्य ठरवायचं. आपल्या उदाहरणातल्या ताईंनी २२ पुस्तकांचं ईमेल खातं मुख्य धरावं, किंडल यंत्र त्यालाच जोडावं आणि यापुढची सगळी खरेदी त्यावरच करावी. किंडल यंत्र एका वेळी एकाच खात्याला जोडता येतं. उरलेली चार मराठी पुस्तकं संगणकावर `read.amazon.in` उघडून मोबाईल नंबरच्या खात्याने वाचता येतात. यंत्र खात्यापासून तोडलं की त्यावर उतरवलेली पुस्तकं यंत्रावरून जातात, खात्यातून जात नाहीत. हा फरक माहीत नसला की पोटात गोळा येतो.

रिकामं दिसणारं खातं म्हणून कुठलंही खातं कायमचं बंद करू नका. नव्याने खातं उघडलं तर जुनी पुस्तकं परत येत नाहीत. मला माहीत असलेल्या चुकांत ही एकच दुरुस्त न होणारी आहे.

जुन्या खात्यात जाताना ओटीपी अमेरिकेच्या नंबरवर जातो. तो नंबर मी परत करून आलो. आता?

हा खरा अडसर आहे, पासवर्ड विसरण्यापेक्षा मोठा. आधी ओटीपी ईमेलवर मागवायचा पर्याय दिसतो का बघा. दुहेरी पडताळणी सुरू केलेली नसेल तर बहुधा दिसतो. ती सुरू असेल आणि पूर्वी ऑथेंटिकेटर ॲप जोडलेलं असेल तर जुन्या फोनमध्ये ते अजून कोड देत असतं. म्हणून जुना फोन इतक्यात विकू नका. यातलं काहीच नसेल तर साइन-इनच्या पानावरून खातं परत मिळवण्याचा अर्ज करावा लागतो आणि त्यात ओळखपत्राची प्रत मागतात. खात्यावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळलं पाहिजे. लग्नानंतर आडनाव बदललेल्यांना इथं त्रास होतो, त्यांनी खातं उघडताना जे नाव होतं ते असलेलं कागदपत्र शोधून ठेवावं.

उलट दिशेने जाणाऱ्यांनाही हेच लागू आहे. परदेशी जाऊन भारतातला प्रीपेड नंबर ९० दिवस अजिबात वापरला नाही तर तो बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. मग मोबाईल नंबरवर उघडलेल्या खात्याचा ओटीपी त्या अनोळखी माणसाकडे जातो. विमानात बसण्याआधी प्रत्येक खात्याला ईमेल आणि ऑथेंटिकेटर ॲप जोडून घ्या. त्याला अर्धा तास लागतो.

खातं बरोबर, दुकान बरोबर, तरी एखादंच पुस्तक दिसत नाही.

मग कारणं वेगळी असतात. सर्वांत साधं म्हणजे ॲपमध्ये `Downloaded` हा गाळणा लागलेला असतो आणि न उतरवलेली पुस्तकं लपतात. तो `All` करून बघा. दुसरं, पुस्तक वर्गणीतून मिळालेलं होतं. किंडल अनलिमिटेडची पुस्तकं आणि ऑडिबलच्या वर्गणीत समाविष्ट असलेली पुस्तकं ही उसनी असतात, वर्गणी संपली की जातात. ती परत मागता येत नाहीत. लायब्ररीत ती विकत घेतलेल्या पुस्तकांच्या मांडीला मांडी लावून बसलेली असतात, म्हणून फरक कळत नाही. किंडलच्या `mycd` पानावर पुस्तकांच्या प्रकारांत `Purchases` आणि `Borrows` वेगळे दिसतात, तिथं खात्री करा.

तिसरं, पैसे परत झालेले असतात. चुकून घेतलेलं किंडल पुस्तक सात दिवसांत परत करता येतं, आणि घरातल्या कुणीतरी ते केलेलं असतं. पावतीनंतर परताव्याचा ईमेल आला होता का, तेही बघा.

पावती आहे, रक्कम आहे, परतावा नाही, वर्गणीचं नाही आणि तरीही पुस्तक नाही, अशी स्थिती उरली तरच ग्राहक सेवेला लिहा. ज्या दुकानात घेतलं त्याच देशाच्या दुकानाच्या ग्राहक सेवेला लिहायचं. डॉलरची पावती घेऊन भारताच्या सेवेकडे गेलात तर त्यांना ती ऑर्डर दिसणारच नाही आणि संभाषण गोल गोल फिरत राहील. ऑर्डर क्रमांक, तारीख, खात्याचा ईमेल आणि पुस्तकाचं नाव एवढं पहिल्याच संदेशात द्या. देश कधी बदलला तेही सांगा.

सरळ पुन्हा विकत घेऊ का? तीनशे रुपयांचा तर प्रश्न आहे.

घेऊ नका, निदान शोधून होईपर्यंत तरी. पैशांपेक्षा मोठं कारण हे की तुमच्या खुणा आणि टिपणं जुन्या खात्यासोबत असतात. दुसऱ्या खात्यावर तेच पुस्तक घेतलं तर ते कोरं येतं. त्या खुणा जुन्या खात्याने `read.amazon.com/notebook` वर बघता येतात. एखाद्या पुस्तकावर वर्षभर रेघा ओढल्या असतील तर त्या आधी तिथून उतरवून घ्या.

पूर्वी किंडल पुस्तकं संगणकावर उतरवून ठेवायचो. ते बटण कुठे गेलं?

ॲमेझॉनने ते २६ फेब्रुवारी २०२५ पासून काढून टाकलं. त्याआधी उतरवलेल्या प्रती तुमच्याकडे असतील तर जपून ठेवा.

गूगल प्ले बुक्सचं काय?

तिथं बहुतेक वेळा कारण देश नसतं, फोनमधली दुसरी जीमेल असते. ॲपमध्ये वर उजवीकडच्या चित्रावर टॅप करून एकेक खातं बदलून बघा. प्ले स्टोअरचा देश वर्षातून एकदाच बदलता येतो. त्यासाठी तुम्ही त्या देशात असावं लागतं आणि तिथलं पैसे भरायचं साधन लागतं. बदल दिसायला ४८ तासांपर्यंत लागू शकतात. देश बदलल्यावर काही पुस्तकं मिळेनाशी होऊ शकतात असं गूगल स्वतःच सांगतं, शिवाय जुन्या देशातली शिल्लक रक्कम नव्या देशात चालत नाही. म्हणून चार-सहा महिन्यांसाठी परत आला असाल तर देश बदलूच नका. प्रकाशकाने मुभा दिली असेल तर ब्राउझरमधून पुस्तकाची ईपब किंवा पीडीएफ प्रत उतरवता येते. ते देश बदलण्याआधी करा.

मुलगा अमेरिकेत, आम्ही ठाण्यात. त्याची पुस्तकं आम्हाला वाचता येतील का?

गूगलच्या कौटुंबिक गटाची अट अशी की सगळे सदस्य एकाच देशात हवेत, त्यामुळे त्या वाटेने नाही. तो किंडल वापरत असेल आणि त्याची हरकत नसेल तर तुमचं किंडल यंत्र त्याच्या खात्याला जोडता येतं. मग त्याची सगळी पुस्तकं तुम्हाला दिसतील, पण तुम्ही यंत्रावरून काही विकत घेतलंत तर पैसे त्याच्या कार्डातून जातील आणि पुस्तकही त्याच्याच खात्यात राहील.

ॲपलचं खातं बदललं. जुन्या खात्यातली खरेदी नव्यात आणता येते असं ऐकलं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲपलने ती सोय आणली, पण ती भारतात, ब्रिटनमध्ये आणि युरोपीय संघात उपलब्ध नाही. अमेरिकेतून परतणार असाल आणि तुमची खरेदी दोन ॲपल खात्यांत विभागलेली असेल, तर खात्याचा देश अजून अमेरिका असेपर्यंतच ती एकत्र करून घ्या. देश बदलायला शिल्लक रक्कम शून्य करावी लागते आणि वर्गण्या बंद करून त्यांची मुदत संपू द्यावी लागते. त्या थांबण्याच्या दिवसांत सगळी पुस्तकं आणि ऑडिओबुकं यंत्रावर उतरवून ठेवा, कारण नव्या देशात ती पुन्हा उतरवता येतीलच असं नाही.